यंत्र एक, घसारे तीन: पुस्तकी नफा बदलला, कर का बदलला नाही

यंत्राचे सुटे भाग बनवणारी एक खासगी मर्यादित कंपनी आहे. संचालक दोघेच, भाऊ आणि बहीण. थोरला भाऊ बँक, वसुली आणि हिशेब बघतो. धाकटी बहीण कारखान्यात असते, उत्पादन तिच्या हातात आहे. कंपनीने एक कोटी रुपयांचं नवं सीएनसी मशीनिंग सेंटर घेतलं आणि ते एप्रिल 2024 च्या पहिल्याच दिवशी उत्पादनात लागलं. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट कंपनीने घेतलं होतं, त्यामुळे ती रक्कम यंत्राच्या किमतीत धरली नाही. एक कोटी ही जीएसटी सोडून, वाहतूक आणि उभारणी धरून आलेली किंमत.

वर्षअखेरीस हिशेब बंद करताना वाद सुरू झाला. पुढच्या वर्षी सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँकेकडून मिळणाऱ्या उचलीची मर्यादा, वाढवून घ्यायची असल्याने भावाला पुस्तकात नफा चांगला दिसायला हवा होता. त्याने लेखापालाला सांगितलं, यंत्रावर सरळ रेषा पद्धतीने, म्हणजे दरवर्षी सारखाच, घसारा लाव. बहिणीला ते पटेना. तिचं म्हणणं असं होतं: "दादा, सरळ रेषेने घसारा कमी बसतो, म्हणजे नफा वाढतो, आणि नफा वाढला की टॅक्सही वाढणार. मशीनचे हप्ते चालू असताना सरकारला जास्त पैसे कशाला द्यायचे? डब्ल्यूडीव्ही, म्हणजे घटत्या शिल्लकीची पद्धत लाव, पहिल्या वर्षी घसारा भरपूर मिळेल." यावर भावाचं उत्तर ठरलेलं होतं: थोडा टॅक्स जास्त गेला तरी चालेल, लिमिट महत्त्वाची.

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट गृहीत होती: पुस्तकात जी पद्धत निवडू तिच्यावर प्राप्तिकर ठरतो. असं मानणारे उद्योजक मला सतत भेटतात, आणि हिशेबाचं काम रोज करणारेही त्यांत असतात. म्हणूनच हे प्रकरण आकड्यांसकट मांडतो आहे. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून दरवर्षी या यंत्राचा घसारा सोडून बाकी सगळा खर्च वजा केल्यावर 60 लाख रुपये उरतात असं धरलं आहे. पुढच्या वर्षांचं गणितही 2024-25 च्या दरांनीच केलं आहे. 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या प्राप्तिकर कायद्याची जागा 2025 च्या कायद्याने घेतली असली तरी घटत्या शिल्लकीवर घसारा देण्याची मूळ रचना तशीच ठेवली आहे.

आधी पुस्तकातला घसारा. कंपनी कायदा 2013 ची अनुसूची 2 यंत्राचं उपयुक्त आयुष्य सांगते. सर्वसाधारण यंत्रसामग्रीसाठी ते 15 वर्षं आहे, आणि शेवटी उरणारी किंमत सहसा मूळ किमतीच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. पद्धत कुठली वापरायची याची सक्ती मात्र नाही. सरळ रेषेने 95 लाख रुपये 15 वर्षांत सारखे वाटले की दरवर्षी 6.33 लाख बसतात. डब्ल्यूडीव्हीसाठी असा दर काढावा लागतो की 15 वर्षांनी नेमके 5 लाख उरतील. तो दर येतो 18.10 टक्के. पहिल्या वर्षी एक कोटीवर 18.10 लाख, दुसऱ्या वर्षी उरलेल्या 81.90 लाखांवर 14.82 लाख, आणि पुढेही असाच उतरत जातो.

आता कराचा घसारा. 1961 च्या कायद्याचं कलम 32 कंपनीच्या पुस्तकांकडे बघतच नाही. सर्वसाधारण यंत्रसामग्रीचा मिळून एक ब्लॉक, म्हणजे एकत्र गट, त्याच्या घटत्या शिल्लकीवर 15 टक्के, एवढाच हिशेब. करात सरळ रेषेचा पर्याय वीजनिर्मिती करणाऱ्यांनाच आहे, बाकीच्या कारखानदारांना नाही. शिवाय हा घसारा यंदा घेतो, पुढच्या वर्षी सोडतो असं चालत नाही. तुम्ही मागा किंवा मागू नका, तो धरूनच उत्पन्न काढलं जातं. त्यामुळे पहिल्या वर्षी कराचा घसारा 15 लाख. भावाची पद्धत घेतली तरी 15 आणि बहिणीची घेतली तरी 15.

हे कुठे दिसतं, तर उत्पन्नाच्या गणनपत्रकात. लेखापालाने दोन्ही पद्धतींनी ते पत्रक करून समोर ठेवलं आणि वाद तिथेच थंडावला. सरळ रेषेने पुस्तकातला करपूर्व नफा 60 वजा 6.33, म्हणजे 53.67 लाख. गणनपत्रकात त्यात पुस्तकी घसारा 6.33 परत मिळवला आणि कायद्याचा 15 वजा केला की करपात्र उत्पन्न येतं 45 लाख. डब्ल्यूडीव्हीने करपूर्व नफा 41.90 लाख. त्यात 18.10 परत मिळवले, 15 वजा केले, उत्पन्न पुन्हा 45 लाख. कंपनीने कलम 115 बीएए चा सवलतीचा दर निवडलेला होता. 22 टक्के, त्यावर 10 टक्के अधिभार आणि 4 टक्के उपकर मिळून 25.168 टक्के. 45 लाखांवर कर 11.33 लाख, दोन्हीकडे तोच.

बहिणीने पत्रक दोनदा तपासलं. "म्हणजे दादाची पद्धत घेतली तरी एक रुपयासुद्धा जास्त जाणार नाही?" नाही जाणार. 60 लाखांतून 11.33 लाख कर गेला की हातात 48.67 लाख उरतात, पद्धत कुठलीही असो.

या पत्रकातली पहिली पायरी, म्हणजे पुस्तकी घसारा परत मिळवणं, कधी कधी राहून जाते. मग 53.67 मधून थेट 15 वजा होतात, उत्पन्न 38.67 लाख दाखवलं जातं, आणि एकाच यंत्राचा घसारा दोनदा घेतला जातो. तपासायचं असेल तर टॅक्स ऑडिटच्या फॉर्म 3सीडी मधलं 18 वं कलम उघडा. तिथे कायद्यानुसारचा घसारा दिलेला असतो. तो आकडा आणि नफा-तोटा पत्रकातला घसारा यांतला फरक जितका, तितकाच फरक गणनपत्रकातल्या मिळवलेल्या आणि वजा केलेल्या घसाऱ्यात यायला हवा. तो जुळला नाही तर कुठेतरी गफलत आहेच.

कर सारखा आणि पुस्तकी नफा वेगळा, तर मग करानंतरचा नफा किती? भावाने मनातल्या मनात हिशेब केला होता: 53.67 मधून 11.33 गेले, राहिले 42.34 लाख. बँकेला हाच आकडा दाखवायचा त्याचा विचार होता. इथे डिफर्ड टॅक्स आड येतो. लेखामानक 22 चं सांगणं असं की यंदा करात 15 लाख घसारा घेतला आणि पुस्तकात फक्त 6.33, तर हा 8.67 लाखांचा फरक पुढच्या वर्षांत उलटणार आहे. पुढे करातला घसारा कमी पडेल आणि तेव्हा कर जास्त भरावा लागेल. तो बोजा आजच नोंदवा. 8.67 लाखांवर 25.168 टक्क्यांनी 2.18 लाख रुपये डिफर्ड टॅक्सचं दायित्व ताळेबंदात आलं आणि करानंतरचा नफा 40.16 लाखांवर आला.

डब्ल्यूडीव्हीने चित्र उलटं. पुस्तकी घसारा 18.10, कराचा 15, म्हणजे पुस्तकात 3.10 लाख जास्त. त्यावर 78 हजारांची डिफर्ड टॅक्स मालमत्ता, आणि करानंतरचा नफा 31.35 लाख. दोन्ही पद्धतींतला फरक 8.81 लाख राहिला. वाढलेल्या नफ्यावरचा कर आज भरायचा नसला तरी लेखामानक तो नफ्यातून वगळायलाच लावतं. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. तो नसता तर सरळ रेषा पद्धत घेणाऱ्या प्रत्येक कंपनीचा पहिल्या काही वर्षांचा नफा फुगलेला दिसला असता आणि पुढे कारण नसताना घसरत गेला असता.

बँकेच्या बाबतीत भावाची अपेक्षा अर्धीच खरी ठरली. नक्त मूल्य 8.81 लाखांनी जास्त दिसतं हे खरं, आणि बाहेरच्या देण्यांशी त्याचं गुणोत्तर सुधारतं हेही खरं. पण टर्म लोनच्या परतफेडीची ताकद मोजताना बँक करानंतरच्या नफ्यात घसारा परत मिळवते. घसारा आणि डिफर्ड टॅक्स दोन्ही मिळवले तर दोन्ही पद्धतींनी 48.67 लाखच येतात, कारण रोकड तेवढीच आहे. डिफर्ड टॅक्स मिळवायचा राहिला तर मात्र सरळ रेषेने 46.49 आणि डब्ल्यूडीव्हीने 49.45 लाख येतात. म्हणजे ज्या पद्धतीने नफा जास्त दिसतो तिचीच परतफेडीची ताकद कमी दिसते. भावाला हे ऐकून धक्काच बसला. बँकेला आकडेवारी देताना डिफर्ड टॅक्सची ओळ वेगळी दाखवा, असं मी त्याला सांगितलं. ती ओळ इतर खर्चांत मिसळून टाकली की तिकडच्या अधिकाऱ्याच्या ती लक्षात येत नाही आणि कंपनीचंच नुकसान होतं.

आता पुढची वर्षं. या एका यंत्राचे तिन्ही घसारे शेजारी ठेवले की बरंच काही स्पष्ट होतं. आकडे लाख रुपयांत आहेत.

| वर्ष | पुस्तकात सरळ रेषा | पुस्तकात डब्ल्यूडीव्ही | करात डब्ल्यूडीव्ही |
|---|---|---|---|
| 1 | 6.33 | 18.10 | 15.00 |
| 3 | 6.33 | 12.14 | 10.84 |
| 6 | 6.33 | 6.67 | 6.66 |
| 7 | 6.33 | 5.46 | 5.66 |
| 10 | 6.33 | 3.00 | 3.47 |

सहाव्या वर्षापर्यंत डब्ल्यूडीव्हीचा घसारा सरळ रेषेपेक्षा जास्त आहे, सातव्यापासून कमी. पहिल्या सहा वर्षांत सरळ रेषेने जो नफा जास्त दिसला तोच पुढच्या नऊ वर्षांत कमी दिसत जातो. 15 वर्षांची बेरीज दोन्हीकडे 95 लाखच. करातही हेच घडतं. सुरुवातीला 15, पुढे कमी कमी. त्यामुळे सरळ रेषा घेतली तर डिफर्ड टॅक्सचं दायित्व सहाव्या वर्षाच्या शेवटी सगळ्यांत मोठं होतं. तेव्हा पुस्तकात यंत्राची किंमत 62 लाख आणि करात 37.71 लाख असते. या 24.29 लाखांच्या फरकावर 6.11 लाखांचं दायित्व साचलेलं असतं. त्यानंतर ते हळूहळू उतरायला लागतं.

दहाव्या वर्षी हे नीट जाणवतं. पुस्तकातला करपूर्व नफा 53.67 लाख, पण करात घसारा फक्त 3.47 असल्याने उत्पन्न 56.53 लाख आणि कर 14.23 लाख. नफ्याच्या मानाने कर साडेसव्वीस टक्क्यांवर गेला. हे पाहून नवा लेखापाल गोंधळतो आणि कर जास्त भरला की काय अशी शंका काढतो. साचलेल्या दायित्वातून 72 हजार परत फिरवले की नफा-तोटा पत्रकावरचा करखर्च पुन्हा 25.168 टक्क्यांवर येतो. दर वर्षी हा ताळा लागतो की नाही हे बघणं हीच डिफर्ड टॅक्सच्या हिशेबाची सर्वांत सोपी परीक्षा आहे.

पुस्तकी पद्धतीने करात फरक पडत नसेल, तर फरक पडतो कशाने? पहिली गोष्ट म्हणजे यंत्र वापरात आल्याची तारीख. या कंपनीचं यंत्र एप्रिलमध्येच चालू झालं. पण समजा उभारणी लांबली असती आणि ते 4 ऑक्टोबर 2024 ला उत्पादनात लागलं असतं. 31 मार्चपर्यंत वापराचे दिवस भरतात 179. 180 पेक्षा कमी दिवस वापर झाला की त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो, म्हणजे 15 ऐवजी 7.50 लाख. करात 1.89 लाखांचा फरक. तेच यंत्र एक दिवस आधी, 3 ऑक्टोबरला चालू झालं असतं तर दिवस बरोबर 180 भरले असते आणि पूर्ण घसारा मिळाला असता. बुडालेले 7.50 लाख कायमचे जात नाहीत. ते ब्लॉकमध्येच राहतात आणि पुढच्या वर्षांत थोडे थोडे मिळतात. पण हप्ते भरायच्या पहिल्या वर्षात 1.89 लाखांची रोकड हाताबाहेर जाते ती जातेच.

इथे एक बारकावा आहे. पुस्तकात घसारा सुरू होतो तो यंत्र वापरायला तयार झालं की, करात मात्र ते प्रत्यक्ष वापरात आलं की. बिलाची तारीख किंवा यंत्र गेटमधून आत आल्याची तारीख करासाठी उपयोगाची नाही. उभारणीचा सही केलेला अहवाल, पहिल्या जॉबची उत्पादन नोंद, त्या दिवसाचं तपासणीपत्रक असे कागद लागतात. पुस्तकी पद्धतीवरून भांडण्यापेक्षा हे कागद वेळेवर फाइलला लावणं कराच्या दृष्टीने कितीतरी जास्त मोलाचं आहे. बहिणीने हे लगेच उचललं, कारण तारखा तिच्याच हातात होत्या.

दुसरी गोष्ट कंपनीने कुठली करव्यवस्था निवडली आहे ही. आणि इथेच "पुस्तकी पद्धतीने करात फरक पडत नाही" या नियमाला अपवाद सापडतो. या कंपनीने 115 बीएए घेतलं होतं. त्यात उत्पादकांना नव्या यंत्रावर मिळणारा 20 टक्के अतिरिक्त घसारा सोडावा लागतो, पण मॅट, म्हणजे पुस्तकी नफ्यावरचा किमान कर, लागत नाही. आता समजा तिने 115 बीएए घेतलंच नसतं. तर पहिल्या वर्षी 15 लाखांवर आणखी 20 लाख अतिरिक्त घसारा, करपात्र उत्पन्न 25 लाख, आणि 26 टक्क्यांनी कर 6.50 लाख. पण मॅटचा हिशेब पुस्तकी नफ्यावर होतो, 2024-25 मध्ये उपकर धरून 15.6 टक्के. डब्ल्यूडीव्हीच्या 41.90 लाखांवर तो 6.54 लाख, नेहमीच्या करापेक्षा जेमतेम 4 हजारांनी जास्त. सरळ रेषेच्या 53.67 लाखांवर तोच 8.37 लाख. म्हणजे त्या व्यवस्थेत बहिणीचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. सरळ रेषा निवडली म्हणून पहिल्याच वर्षी 1.83 लाख रोख जास्त भरावे लागले असते. जास्तीच्या मॅटचं क्रेडिट 15 वर्षांपर्यंत पुढे नेता येत होतं, पण पैसे आज जातात आणि क्रेडिट पुढे कधीतरी मिळतं. म्हणून कुणी मला विचारलं की पद्धतीने टॅक्स बदलतो का, तर मी आधी उलट विचारतो: कंपनी 115 बीएए मध्ये आहे की नाही? तो पर्याय एकदा घेतला की मागे फिरता येत नाही, त्यामुळे उत्तरही ठरूनच जातं.

भागीदारी संस्था आणि मालकी व्यवसायांना अनुसूची 2 लागू नाही. त्यांपैकी बरेच जण पुस्तकातही 15 टक्क्यांचाच दर लावतात, म्हणून त्यांच्याकडे हा प्रश्न सहसा उठत नाही.

भावाने मग एक मधला मार्ग सुचवला. आता डब्ल्यूडीव्ही लावू, तीन वर्षांनी मोठं कर्ज घ्यायच्या वेळी सरळ रेषेवर जाऊ. असे बदल पूर्वी अनेक कंपन्यांनी केले आणि त्यातून मोठाले नफे दाखवले. जुन्या लेखामानक 6 मध्ये पद्धत बदलली की यंत्र घेतलं त्या दिवसापासून नव्या पद्धतीने घसारा काढायचा आणि फरक त्याच वर्षीच्या नफा-तोट्यात टाकायचा. आपल्या यंत्राला तो नियम लावला असता तर तीन वर्षांनी डब्ल्यूडीव्हीने किंमत 54.94 लाख, सरळ रेषेने 81 लाख, आणि 26 लाखांवर रक्कम एका फटक्यात नफ्यात आली असती. 2016-17 पासून सुधारित लेखामानक 10 आलं आणि हा मार्ग बंद झाला. पद्धतीतला बदल आता अंदाजातला बदल मानला जातो आणि त्याचा परिणाम फक्त पुढच्या वर्षांवर होतो.

म्हणजे चौथ्या वर्षी 54.94 मधून शेवटचे 5 लाख वजा करून उरलेले 49.94 लाख राहिलेल्या 12 वर्षांत वाटायचे. वर्षाला 4.16 लाख. बदल केला नसता तर चौथ्या वर्षी 9.94 लाख बसले असते, म्हणून करपूर्व नफा 5.78 लाखांनी वाढतो. इथे हमखास होणारी चूक अशी की लेखापाल नवा घसारा मूळ एक कोटीवरून 6.33 लाख काढतो. तसं केलं तर यंत्र 15 वर्षं पूर्ण होण्याआधीच 5 लाखांच्या खाली जातं. आणि बदल करायचा तर कारण दाखवावं लागतं: यंत्राचा फायदा कंपनीला ज्या रीतीने मिळतो ती रीत बदलली आहे का? "कर्ज हवं आहे" हे कारण लेखापरीक्षकाला चालत नाही. शिवाय बदल आणि त्याचा रुपयांतला परिणाम टिपणीत लिहावा लागतो. बँकेतला अनुभवी माणूस आधी तीच टिपणी वाचतो आणि वाढलेले 5.78 लाख स्वतःच वजा करून बघतो. भावाने हा विचार सोडून दिला.

यंत्र मध्येच विकलं तर काय, हा प्रश्न बहिणीने काढला. तिच्या अनुभवात अशी यंत्रं 15 वर्षं ठेवली जात नाहीत, चार-सहा वर्षांत नवं मॉडेल येतं आणि जुनं विकलं जातं. समजा सहाव्या वर्षाच्या सुरुवातीला हे यंत्र 50 लाखांना विकलं. सरळ रेषेने तेव्हा पुस्तकात किंमत 68.33 लाख असते, म्हणून 18.33 लाखांचा तोटा दिसतो. डब्ल्यूडीव्हीने किंमत 36.85 लाख, म्हणून 13.15 लाखांचा फायदा दिसतो. एकच यंत्र, एकच गिऱ्हाईक, एकच किंमत, आणि एका पुस्तकात तोटा तर दुसऱ्यात फायदा. पण पाच वर्षांचा घसारा त्यात धरून पाहा. सरळ रेषेने 31.67 घसारा अधिक 18.33 तोटा, एकूण 50 लाख. डब्ल्यूडीव्हीने 63.15 घसारा वजा 13.15 फायदा, तरी 50 लाखच. यंत्र वापरण्याची किंमत शेवटी तेवढीच पडली. फक्त ती कुठल्या वर्षाच्या नफ्यातून गेली हे वेगळं.

करात हा फायदा किंवा तोटा दोन्ही अवतरत नाहीत. 50 लाख सरळ ब्लॉकमधून वजा होतात. या यंत्राचे करात 44.37 लाख उरलेले होते, म्हणजे जास्तीचे 5.63 लाख ब्लॉकमधल्या इतर यंत्रांच्या शिल्लकीतून जातात आणि पुढच्या वर्षांचा घसारा तेवढ्याने कमी होतो. त्या वर्षी वेगळा कर नाही. मात्र ब्लॉकमध्ये हे एकच यंत्र असेल आणि त्या वर्षात त्याच ब्लॉकमध्ये दुसरं घेतलं नसेल, तर ब्लॉक संपतो आणि तेच 5.63 लाख कलम 50 खाली अल्पकालीन भांडवली नफा म्हणून त्याच वर्षी करपात्र होतात. उलट 44.37 पेक्षा कमी किमतीला विकलं तर उरलेल्या रकमेवर पुढे घसारा मिळत नाही. तो अल्पकालीन भांडवली तोटा होतो आणि धंद्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणून शेवटचं यंत्र विकताना नवं यंत्र त्याच आर्थिक वर्षात घेता येतं का हे आधी बघावं. या कंपनीकडे ब्लॉकमध्ये आणखी चार यंत्रं होती, त्यामुळे तिला ही भीती नव्हती.

अखेर पद्धत ठरवताना लिमिट आणि टॅक्स हे दोन्ही मुद्दे बाजूला ठेवले. प्रश्न एवढाच उरला की या यंत्राचा उपयोग वर्षानुवर्षं कसा होणार. बहिणीने मागच्या यंत्राच्या नोंदी आणल्या. दर वर्षीचे चालू तास जवळजवळ सारखे होते आणि काढलेल्या भागांची संख्याही. दुरुस्तीचा खर्च वाढत गेलेला दिसत होता, पण फार नाही. तो जोरात वाढत असता तर मी डब्ल्यूडीव्ही सुचवली असती, कारण मग सुरुवातीला जास्त घसारा आणि पुढे जास्त दुरुस्ती अशी वर्षांमागची बेरीज सारखी राहते. इथे उपयोग सपाट होता, म्हणून सरळ रेषा घेतली. यंत्र पाच-सहा वर्षांत विकायची सवय असेल तर 15 वर्षांचं आयुष्य धरणंच फसवं आहे, हेही मी दोघांना सांगितलं. विक्रीच्या वेळचे ते 18.33 लाख म्हणजे आधीच्या पाच वर्षांत कमी धरलेला घसाराच आहे. अनुसूचीपेक्षा कमी आयुष्य धरता येतं, पण त्याला तांत्रिक सल्ल्याचा आधार आणि टिपणीत खुलासा लागतो. तसा अहवाल पुढच्या वर्षी घ्यायचं ठरलं.

एक शेवटचा मुद्दा बहिणीमुळेच निघाला. यंत्र दुसऱ्या पाळीतही चालवायचा तिचा विचार होता. अनुसूची 2 सांगते की यंत्र जितका काळ दोन पाळ्यांत चालेल तितक्या काळासाठी पुस्तकी घसारा 50 टक्क्यांनी वाढवायचा, तीन पाळ्यांत चाललं तर 100 टक्क्यांनी. वर्षभर दोन पाळ्या चालल्या तर 6.33 चे 9.50 लाख होतात आणि करपूर्व नफा 50.50 लाखांवर येतो. कराच्या घसाऱ्यात पाळ्यांना स्थान नाही, तो ठरल्याप्रमाणेच चालतो. भावाने कपाळाला हात लावला, पण हरकत घेतली नाही. दुसरी पाळी म्हणजे जास्त विक्री, हे त्यालाही कळत होतं. आता यंत्राजवळच्या रजिस्टरमध्ये रोज पाळी लिहिली जाते, आणि दर महिन्याच्या अखेरीस त्या पानांची झेरॉक्स लेखापालाकडे जाते.